हृदयाभोवतीचं पाणी: जंतू सापडत नाही, तरी टीबी का म्हणतात?

“थुंकी तपासली, निगेटिव्ह आली. फुफ्फुसाचा फोटोही साफ आहे. मग टीबीच्या गोळ्या कशासाठी?”

माझं पीएचडीचं काम फुफ्फुसाबाहेरच्या टीबीच्या निदानावर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला ओळखीचा झालाय. रुग्णाचे नातेवाईक विचारतात, कधी नर्स विचारतात, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मीही गाईडना हाच प्रश्न विचारला होता. प्रश्न अगदी रास्त आहे. एखाद्याला सहा महिने चार-चार औषधं द्यायची, तर जंतू दिसायला नको का? आज याचं उत्तर एकाच आजाराच्या निमित्ताने देते: टीबीमुळे हृदयाभोवती साठणारं पाणी. डॉक्टर त्याला ट्युबरक्युलस पेरिकार्डियल इफ्युजन म्हणतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक रुग्ण डोळ्यांसमोर ठेवूया. हा कोणी एक खरा माणूस नाही. अशा रुग्णांत जे नेहमी दिसतं ते एकत्र करून मी तो उभा केलाय.

बोईसरचा एक कामगार

वय ३४. घर विक्रमगड तालुक्यात, काम तारापूर एमआयडीसीत रंगाच्या रसायनांच्या कारखान्यात, राहायला बोईसरला चाळीत आणखी चौघांबरोबर. दोन महिन्यांपासून संध्याकाळी अंग गरम होतं. रात्री घाम येतो, इतका की बनियन बदलावी लागते. जेवण जात नाही. वजन ५३ किलोवरून ४७ वर आलंय. खोकला थोडासा, कोरडा. आणि तीन आठवड्यांपासून दम लागतो. आधी जिना चढताना लागायचा, मग स्टेशनपर्यंत चालताना, आणि आता रात्री उताणं झोपताच येत नाही, उशीला टेकून बसावं लागतं.

इथे पहिली चूक होते आणि ती या भागाची खास आहे. एमआयडीसीत काम करणाऱ्याला दम लागला की सगळ्यांच्या तोंडी एकच कारण असतं: कंपनीतला वास, गॅस. आपला माणूसही हेच सांगतो, म्हणून त्याला दम्याचा पंप मिळतो. पण रसायनाच्या वासाने लागणारा दम सुट्टीत किंवा गावी गेल्यावर कमी होतो. तो दोन महिने ताप आणत नाही आणि सहा किलो वजन उतरवत नाही. “दम” हा शब्द ऐकल्यावर “ताप आहे का, घाम येतो का, वजन किती उतरलं” हे तीन प्रश्न विचारले असते, तर पंपाऐवजी छातीचा फोटो आधी निघाला असता.

दुसरी चूक त्याच्यामागोमाग येते. पाय सुजलेत, पोट जड वाटतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय. कोणीतरी लघवी वाढवणारी गोळी देतं, म्हणजे सूज उतरेल. गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी तो उठताना चक्कर येऊन पडतो. सूज कमी करणाऱ्या गोळीने माणूस का पडावा? हे कळण्यासाठी हृदयाभोवतीची पिशवी समजून घ्यावी लागेल.

पिशवी ताणते, पण सावकाश

हृदय एका दुहेरी पडद्याच्या पिशवीत असतं. तिला हृदयावरण म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत पेरिकार्डियम. दोन पडद्यांमध्ये निरोगी माणसात १५ ते ५० मिलिलीटर पाणी असतं, म्हणजे फार तर तीन-चार मोठे चमचे. हृदय दर ठोक्याला त्यात घसरतं, घासत नाही.

बाहेरचा पडदा चिवट असतो. कमरेचा पट्टा एका दिवसात ताणत नाही, पण वर्षभर वापरला की सैल होतो, तसंच या पडद्याचं आहे. सुरा लागून किंवा अपघातात पिशवीत अचानक रक्त साठलं, तर १५०-२०० मिलिलीटरमध्येही हृदय दबतं. टीबीचं पाणी मात्र आठवड्यांच्या हिशोबाने साठतं. पडद्याला ताणायला वेळ मिळतो आणि एक लीटर पाणी साठेपर्यंत माणूस कामावरही जात असतो. म्हणूनच हे रुग्ण उशिरा येतात. तो दुखणं अंगावर काढतो हे अर्धंच खरं. आजारच त्याला अंगावर काढू देतो.

पण ताणण्याला मर्यादा असते. ती संपली की पुढचं थोडंसं पाणीही पिशवीतला दाब एकदम वाढवतं. आता हृदयाला आकुंचन पावायला अडचण नाही, अडचण आहे ती भरायला. शिरांमधून येणारं रक्त उजव्या बाजूला शिरतच नाही, मागे तुंबतं. मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजून बरगडीखाली दुखतं, पाय सुजतात. पुढे जाणारं रक्त कमी, म्हणून रक्तदाब उतरतो आणि नाडी धावते. या अवस्थेला कार्डिॲक टॅम्पोनाड म्हणतात. यात माणूस तासाभरातही दगावू शकतो.

आता त्या गोळीचं कोडं सुटतं. दाबलेलं हृदय भरण्यासाठी शिरांमध्ये रक्ताचा चांगला रेटा लागतो. शरीराने तो रेटा तुंबलेल्या पाण्यातून कसाबसा टिकवलेला असतो. लघवीची गोळी नेमका तोच रेटा काढून घेते. सूज थोडी उतरते, पण हृदयात येणारं रक्त आणखी कमी होतं आणि माणूस पडतो. हृदय अशक्त झाल्याने आलेली सूज आणि हृदय दाबलं गेल्याने आलेली सूज वरून सारखीच दिसते, पण उपचार अगदी उलटे आहेत.

दवाखान्यात काय दिसतं

आपल्या रुग्णाचा रक्तदाब ९४/७०, नाडी मिनिटाला ११८. मानेच्या शिरा बसल्या अवस्थेतही फुगलेल्या. स्टेथोस्कोपने ठोके दबके, लांबून आल्यासारखे.

इथे एक तपासणी आहे, जिला फक्त रक्तदाबाचं यंत्र आणि दोन मिनिटं लागतात. पट्ट्याची हवा अगदी हळू सोडायची. सुरुवातीला ठोका फक्त श्वास सोडताना ऐकू येतो, घेताना गायब होतो. तो आकडा लिहायचा: ९४. मग आणखी हळू खाली यायचं. जिथे दोन्ही वेळा ठोका ऐकू येतो तो आकडा: ७६. फरक १८. निरोगी माणसातही श्वास घेताना वरचा दाब थोडा उतरतो, पण दहापर्यंतच. कारण असं: श्वास घेतला की उजव्या बाजूला जास्त रक्त येतं. पिशवी मोकळी असेल तर उजवा कप्पा बाहेरच्या दिशेने फुगतो. पिशवी पाण्याने ताठ असेल तर बाहेर जागाच नाही, मग तो मधली भिंत डावीकडे ढकलतो आणि डाव्या कप्प्यात मावणारं रक्त कमी होतं. एकाच खोलीत दोघं राहत असावेत आणि एकाने हातपाय पसरले की दुसऱ्याने आकसावं, तसं. दम्याचा जोराचा झटका असेल तरीही हा फरक वाढतो, म्हणून एकट्या या आकड्यावर निदान होत नाही. पण फुगलेल्या मानेच्या शिरांबरोबर तो सापडला, तर त्या रुग्णाला “उद्या या” म्हणायचं नसतं.

छातीच्या फोटोत हृदयाची सावली मोठी, खाली पसरलेली, भरलेल्या मडक्यासारखी. फुफ्फुसं मात्र जवळपास साफ. ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण हृदय अशक्त होऊन इतकं मोठं झालं असतं तर फुफ्फुसात पाणी तुंबलेलं दिसलं असतं. ईसीजीत रेषा बुटक्या येतात, कारण विजेचा सिग्नल पाण्याच्या थरातून बाहेर यावा लागतो.

शेवटचा शब्द टू-डी इकोचा. त्यात हृदयाभोवती काळा पट्टा दिसतो, तेच पाणी. दोन सेंटिमीटरपेक्षा जाड पट्टा म्हणजे भरपूर. आपल्या रुग्णाचा २४ मिलिमीटर. उजवे कप्पे प्रत्येक ठोक्यात आत चेपले जातायत, म्हणजे टॅम्पोनाड. आणि पाण्यात पांढरट धागे लोंबतायत, जाळ्यासारखे. हे फायब्रिनचे धागे टीबीत खूपदा दिसतात, पण फक्त टीबीतच दिसतात असं नाही.

पाणी काढलं, आता जंतू शोधा

टॅम्पोनाड असेल तर पाणी काढणं हाच उपचार आहे आणि तीच तपासणीही. इकोवर पाहत छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालून किंवा बरगड्यांमधून सुई घालतात, तिच्यातून बारीक नळी सरकवतात आणि पाणी टप्प्याटप्प्याने काढतात. पहिले शे-दोनशे मिलिलीटर निघाले की रक्तदाब वर येताना मॉनिटरवर दिसतो. आपल्या रुग्णाचं ९०० मिलिलीटर निघालं, आणि रंग लालसर. नातेवाईक घाबरतात, पण टीबीत हे पाणी रक्ताळ असणं नेहमीचंच.

पाणी लॅबला गेलं. पेशींमध्ये लिम्फोसाइट ८० टक्के, प्रोटीन भरपूर. स्लाइडवर टीबीचे जंतू नाहीत. सीबीनॅट: आढळला नाही. कल्चर लावलं, त्याला सहा आठवडे लागणार.

आता लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. जंतू कुठे आहे?

जंतू बहुतेक वेळा श्वासनलिकेजवळच्या लसीका गाठींमधून पिशवीत उतरतो. म्हणून थुंकीत काही सापडत नाही, कारण आजार थुंकीच्या वाटेवरच नाही. आणि पिशवीत उतरणारे जंतू थोडेच असतात. पाणी साठतं ते जंतूंच्या संख्येमुळे नाही, त्यांच्या प्रथिनांवर शरीर जी प्रतिक्रिया देतं तिच्यामुळे. घरात एकच चोर शिरला आणि त्याला पकडायला अख्खी चाळ आत घुसली, तर मोडतोड चाळकऱ्यांचीच जास्त होणार. लॅबला मिळतं ते या गर्दीने भरलेलं पाणी. त्यात चोर सापडेलच असं नाही.

प्रत्येक तपासणीला किमान किती जंतू लागतात तेही बघा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला एका मिलिलीटरमध्ये साधारण दहा हजार जंतू हवेत. सीबीनॅट त्याहून पुष्कळ कमी, शे-सव्वाशे जंतूंवरही पकडतं. भारतात विकसित झालेलं ट्रूनॅटही याच जातीचं, जंतूचा डीएनए शोधणारं यंत्र. तरीसुद्धा हृदयाभोवतीच्या पाण्यात सीबीनॅट टीबीच्या १०० रुग्णांपैकी साधारण ६४ जणांनाच पकडतं, असं केपटाउनच्या अभ्यासात दिसलं.

याचा अर्थ आकड्यांत मांडूया. समजा आपल्या भागात हृदयाभोवती पाणी झालेले १०० जण आले. टीबी खूप असलेल्या प्रदेशात यातले निम्म्याहून जास्त टीबीचे असतात. हिशोबासाठी ६० धरूया. सीबीनॅटने यातले ३८ पकडले, २२ सुटले. टीबी नसलेले ४० जण अर्थातच निगेटिव्ह आले. म्हणजे एकूण निगेटिव्ह ६२, आणि त्यात २२ जणांना टीबी आहे. तीनातला एक! हाच तो “निगेटिव्ह” रिपोर्ट, ज्याच्या जोरावर “टीबी नाही” म्हणून माणूस घरी पाठवला जातो. सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं तर निदान पक्कं, आणि रिफाम्पिसिनला जंतू दाद देईल का हेही त्याच रिपोर्टात कळतं. निगेटिव्ह आलं तर फक्त इतकंच कळतं की शोध संपलेला नाही.

एडीए, आणि एकच रिपोर्ट दोन गावांत

इथे एडीए नावाची तपासणी मदतीला येते. एडीए हे लिम्फोसाइट पेशींमधलं एक एन्झाइम आहे. म्हणजे ही तपासणी चोर शोधत नाही, गर्दी मोजते. पाण्यात ते लीटरमागे ४० युनिटच्या वर असेल तर टीबीचा संशय बळावतो. आपल्या रुग्णाचं ६२ आलं.

गर्दी इतर कारणांनीही जमते: लिम्फोमा नावाचा कॅन्सर, पू झालेला जंतुसंसर्ग, काही संधिवाताचे आजार. मग ६२ वर किती विसंबायचं? वेगवेगळे अभ्यास एकत्र केले तर एडीए टीबीच्या १०० पैकी साधारण ८८ जणांना पकडतं, आणि टीबी नसलेल्या १०० पैकी साधारण १७ जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवतं.

आपल्या वरच्या १०० जणांत: ६० पैकी ५३ बरोबर पॉझिटिव्ह, ४० पैकी ७ चुकून पॉझिटिव्ह. एकूण ६०, त्यातले ५३ खरे. म्हणजे रिपोर्ट जास्त आला तर दहातल्या जवळजवळ नऊ जणांना टीबी आहे.

आता हेच मशीन, हाच ४० चा आकडा, पण गाव युरोपातलं, जिथे १०० पैकी जेमतेम ४ जणांना टीबी आहे. ४ पैकी साधारण साडेतीन बरोबर पकडले, आणि ९६ पैकी १६ चुकून पॉझिटिव्ह. एकूण सुमारे वीस, त्यातले खरे साडेतीन. पाचातला एकही धड नाही.

तपासणी तीच, रिपोर्ट तोच, अर्थ मात्र वेगळा. पालघरमध्ये सुरू केलेला उपचार जर्मनीत त्याच रिपोर्टवर सुरू झाला नसता, आणि दोन्ही डॉक्टर बरोबर असते. बाहेरच्या पाठ्यपुस्तकातलं “पुरावा मिळेपर्यंत थांबा” हे वाक्य टीबी कमी असलेल्या देशासाठी लिहिलेलं असतं. आपल्याकडे कल्चरसाठी सहा आठवडे थांबायचं, तर तोवर पाणी पुन्हा भरतं.

एडीए होत नसेल किंवा पाणी काढण्याजोगं नसेल तेव्हा? दक्षिण आफ्रिकेत टायगरबर्ग रुग्णालयातल्या संशोधकांनी एक सोपी गुणपद्धत काढली. ताप १ गुण, रात्री घाम १, वजन उतरणं २, रक्तातलं ग्लोब्युलिन लीटरमागे ४० ग्रॅमच्या वर असेल तर ३, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या खाली असतील तर ३. शेवटचा गुण उलटा वाटेल, पण पू करणाऱ्या जंतूंमध्ये पांढऱ्या पेशी उसळतात, टीबीत सहसा नाही. एकूण ६ किंवा जास्त असेल तर टीबीची शक्यता मोठी. आपल्या रुग्णाला ताप, घाम, वजन मिळून ४ गुण. ग्लोब्युलिन ४६, म्हणून ३. पांढऱ्या पेशी ७,८००, म्हणून ३. एकूण १०. ही गुणपद्धत आफ्रिकेतल्या रुग्णांवर बेतलेली आहे, ती निकाल म्हणून नाही, आधार म्हणून वापरायची.

आणि हे सगळं करताना दुसऱ्या बाजूचे दरवाजेही बंद करून घ्यायचे: पाण्यात कॅन्सरच्या पेशी आहेत का, किडनीचं क्रिएटिनिन किती, थायरॉइड किती, एचआयव्ही आहे का. या चार गोष्टी न बघता “आपल्याकडे टीबीच असतो” म्हणणं हा आळस आहे. वरच्या हिशोबातले ४० जण विसरून चालत नाही.

उपचार: सहा महिने, आणि स्टेरॉइडचा प्रश्न

भारत सरकारच्या २०१६च्या फुफ्फुसाबाहेरच्या टीबीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयावरणाच्या टीबीला सहा महिने उपचार. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल, पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून बाकी तीन. सरकारी केंद्रात ही औषधं एकाच गोळीत येतात आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. आपला रुग्ण ४७ किलोचा, म्हणजे तीन. पण तो खाऊ लागला आणि ५० च्या वर गेला की गोळ्याही बदलायला हव्यात, म्हणून वजन काटा दर महिन्याला.

जंतू सापडला नाही म्हणून निक्षयवर नोंद होत नाही, हा गैरसमज आहे. डॉक्टरांनी लक्षणं आणि तपासण्यांवरून ठरवलेला टीबीही नोंदला जातो, आणि निक्षय पोषण योजनेचे पैसे, जे नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १,००० रुपये झाले, त्यालाही लागू होतात.

आता स्टेरॉइड. कल्पना सरळ आहे: नुकसान गर्दीमुळे होतंय ना, मग गर्दी शांत करा. यावरचा सगळ्यात मोठा अभ्यास केपटाउनचे बोंगानी मायोसी यांच्या नेतृत्वाखाली झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्या आठ देशांतले १,४०० रुग्ण. अर्ध्यांना सहा आठवडे प्रेडनिसोलोन, पहिल्या आठवड्यात रोज १२० मिलिग्रॅम आणि मग उतरत्या मात्रेने, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. मात्रा एवढी मोठी, कारण रिफाम्पिसिन यकृताला प्रेडनिसोलोन लवकर संपवायला लावतं.

निकाल अनेकांना अनपेक्षित होता. मृत्यू, पुन्हा पाणी काढावं लागणारं टॅम्पोनाड आणि पिशवी आकसणं, ही तिन्ही एकत्र मोजली तर फरक नाही: २३.८ टक्के विरुद्ध २४.५ टक्के. पण एकेक मोजलं तर पिशवी आकसण्याचं प्रमाण ७.८ वरून ४.४ टक्क्यांवर आलं, आणि पुन्हा दवाखान्यात भरती होणंही कमी झालं. दुसऱ्या बाजूला स्टेरॉइड घेणाऱ्यांत कॅन्सर जास्त दिसले, आणि ते एचआयव्हीशी जोडलेले होते. या अभ्यासातले दोन तृतीयांश रुग्ण एचआयव्हीबाधित होते.

याच अभ्यासात भारतात शोधलेल्या मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानी या निरुपद्रवी जंतूपासून बनवलेलं इंजेक्शनही तपासलं गेलं. त्याचा उपयोग झाला नाही.

म्हणजे आपल्यासाठी अर्थ काय? एचआयव्हीची तपासणी आधी, स्टेरॉइडचा निर्णय नंतर. आपला रुग्ण एचआयव्ही निगेटिव्ह आहे, त्याला पाणी भरपूर होतं, धागे होते. त्याला स्टेरॉइड देण्याच्या बाजूने चांगलं कारण आहे, ते म्हणजे पुढे पिशवी आकसू नये. “जीव वाचतो म्हणून” हे कारण नाही, ते सिद्ध झालेलं नाही. साखर असेल तर ती तपासत राहायची, आणि गोळी मनाने एकदम बंद करायची नाही.

पाणी आटलं म्हणजे संपलं असं नाही

तीन आठवड्यांत ताप गेला. भूक आली. सहा आठवड्यांनी कल्चरचा रिपोर्ट आला: वाढ नाही. नातेवाईक पुन्हा म्हणाले, “बघा, टीबी नव्हताच.” पण आता आपल्याकडे एक नवा पुरावा आहे: टीबीच्या औषधाने ताप जाणं, वजन वाढणं आणि इकोत पाणी कमी होणं. तो पक्का पुरावा नाही. स्टेरॉइडनेही ताप काही दिवस दबतो आणि भूक येते. म्हणून स्टेरॉइड उतरवल्यानंतर माणूस कसा आहे, हे जास्त बोलकं. आणि जंतू कधीच हाती न आल्यामुळे तो औषधांना दाद देणारा आहे की नाही, हेही तपासता आलेलं नाही. अशा रुग्णात दोन महिन्यांत सुधारणा नसेल तर गोळ्या तशाच ओढत न्यायच्या नाहीत. पुन्हा सुरुवातीपासून विचार करायचा: रेझिस्टंट टीबी? लिम्फोमा? पुन्हा पाणी, शक्य असेल तर पडद्याचा तुकडा.

दुसरा धोका सावकाश येतो. पाणी शोषलं जातं, पण दोन पडदे एकमेकांना चिकटून जाड आणि ताठ होतात. आता पाणी नाही, पण हृदय पुन्हा भरू शकत नाही. ताप नसतो, खोकला नसतो. पोट फुगतं, पाय सुजतात, थकवा येतो. आणि आपल्याकडे पोट फुगलेल्या माणसाला काय विचारतात? “किती पितो?” वाडा-जव्हारकडचा मजूर असेल तर विचारतही नाहीत, धरूनच चालतात. तो यकृताचा रुग्ण म्हणून महिनोन्महिने फिरतो. फरक ओळखायची जागा मान आहे. दारूने यकृत खराब झालेल्याचं पोट फुगतं, पण मानेच्या शिरा सहसा फुगलेल्या नसतात. पिशवी आकसलेल्याच्या असतात. मान बघितली आणि “आधी कधी टीबीच्या गोळ्या खाल्ल्या का, छातीतून पाणी काढलं होतं का” एवढं विचारलं, तर त्याला इकोपर्यंत पोहोचवता येतं. औषधांवर चार ते आठ आठवड्यांत हे सैल झालं नाही, तर पडदा काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयातच होते, आणि उशीर झाला की तिचा धोका वाढतो.

म्हणून आपल्या कामगाराचा इको सहा आठवड्यांनी आणि पुन्हा उपचार संपताना. त्याला एक कागद द्यायचा, ज्यावर पाण्याचे आकडे लिहिलेत: काढलं ९०० मिलिलीटर, एडीए ६२, सीबीनॅट निगेटिव्ह, कल्चर निगेटिव्ह, उपचार सुरू झाल्याची तारीख. तो कंपनी बदलेल, भिवंडीला जाईल, नाहीतर भातकापणीला गावी जाईल. दोन वर्षांनी तिथल्या डॉक्टरसमोर पोट फुगलेला माणूस बसेल, तेव्हा हा कागद खिशात असेल तर पहिला प्रश्न दारूचा नसेल.

(उपचाराचे आकडे समजण्यासाठी दिलेत. गोळ्यांची मात्रा तुमच्या डॉक्टरांनी वजन आणि तपासण्या बघूनच ठरवायची आहे. पुढच्या लेखात पोटाच्या टीबीत एडीए कुठे फसवतं ते बघू.)